एक लिटर दूध आटवून केलेल्या खिरीत वाटीला कॅलरी किती धरायच्या?

वाटीभर
नमस्कार मंडळी. सध्या मी खाल्लेलं सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये लिहून ठेवतेय. पोळी भाजीचं ठीक चाललंय, खिरीपाशी गाडी अडली. ॲपमध्ये "खीर, १ वाटी" शोधलं तर एका ठिकाणी दीडशेच्या आसपास आणि दुसरीकडे साडेतीनशे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त फरक. म्हणून म्हटलं स्वतःच हिशोब करू, तर घरात दोन तट पडले. नवरा म्हणतो दूध आटून निम्मं झालं तर निम्म्याच दुधाच्या कॅलरी धर. जाऊबाई म्हणतात उलट, आटवलं की दूध जड होतं म्हणून दुप्पट धर.
माझं प्रमाण असं: फुल क्रीम पिशवीचं दूध १ लिटर, आंबेमोहोर ५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तूप दोन चहाचे चमचे, बदाम काजू बेदाणे प्रत्येकी १५ ग्रॅम. वेलची जायफळ सोडून देते. शिजून झाल्यावर किती भरली ते मोजलं नाही पण अजून सगळी पातेल्यातच आहे. कुणी नीट समजावेल का?

उतू_गेलं
खीर खायची असते वहिनी, मोजायची नसते. :)

पाकसिद्ध
नवरोबांशी सहमत नाही पण अगदी चूकही म्हणणार नाही. दूध तासभर उकळत ठेवलं की वाफेबरोबर थोडं फॅटही जातं, म्हणूनच तर चिमणीला चिकट थर बसतो. शिवाय बरीच साय पातेल्याच्या कडेला चिकटते ती आपण खात नाही. त्यामुळे मी दुधाच्या कॅलरीतून वीस टक्के सरळ वजा करतो.

गूळपोळी
साखरेऐवजी गूळ घाला, कॅलरीचा प्रश्नच मिटला.

दुधाचा_हिशोब
मी बरीच वर्षं डेअरीच्या तपासणी विभागात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
वाटीभर ताई, नवरा आणि जाऊबाई दोघेही चुकतायत आणि गंमत म्हणजे दोघं एकाच गोष्टीवरून चुकतायत. दूध आटतं तेव्हा जातं ते फक्त पाणी. पाण्याला कॅलरी नाही. फॅट, प्रोटीन, दुधातली साखर सगळं पातेल्यातच राहतं. म्हणजे गॅसवर ठेवताना एक लिटर दुधात जेवढ्या कॅलरी होत्या तेवढ्याच आटल्यावरही आहेत, ना निम्म्या ना दुप्पट. बदलतं काय, तर त्या आता कमी वजनात दाटीवाटीने बसल्यात. जाऊबाई "एक वाटी आटवलेलं दूध" म्हणत असतील तर त्या वाटीपुरतं त्यांचं बरोबर आहे, अख्ख्या पातेल्याला ते लावू नका.
पाकसिद्ध, फॅट वाफेबरोबर उडत नाही हो. चिमणीवरचा थर फोडणीचा आणि तळणीचा. दूध उसळतं तेव्हा बारीक थेंब उडतात, ते ओट्यावर दिसतात तेवढेच. कडेला चिकटलेल्या सायीचं मात्र तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याला वीस टक्के फार झाले.
आता फुल क्रीमचा आकडा. या दुधात फॅट ६ टक्के असतं. एक ग्रॅम फॅटच्या ९ कॅलरी म्हणजे १०० मिलीत ५४ तिथूनच आल्या, दुधातली साखर आणि प्रोटीन मिळून अजून साधारण ३३. झाल्या ८७. पिशवीवरही याच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, तोच घ्या. लिटरला ८७० धरू.

वाटीभर
वा काका, हे एकदम डोक्यात बसलं. म्हणजे मी आधी सगळ्या कच्च्या जिनसांची बेरीज करायची आणि मग भागायचं?

दुधाचा_हिशोब
बरोबर. आणि भागायचं ते वाट्यांच्या संख्येने नाही, तयार खिरीच्या वजनाने. तुमचंच घेऊ. दूध ८७०. तांदूळ कच्चे ५० ग्रॅम, ते १७५. साखर ४००. दोन चमचे तूप म्हणजे १० ग्रॅम धरलं तर ९०. बदाम ९०, काजू ८५, बेदाणे ४५. एकूण १७५५. हा आकडा खीर कितीही आटवली तरी हलत नाही. आता पातेलं वजनकाट्यावर ठेवा आणि सांगा.

मापात_पाप
तांदूळ कच्चे असतानाच मोजायचे हे अधोरेखित करून ठेवा. आमच्याकडे उरलेल्या भाताची खीर होते आणि बहीण १०० ग्रॅम भाताला कच्च्या तांदळाच्या साडेतीनशे कॅलरी लावत होती. भातात बहुतेक पाणीच, त्याच्या साधारण १३० होतात.

वाटीभर
पातेल्याचं रिकामं वजन घेतलं नव्हतं ना. आता?

चूल_आणि_काटा
काही बिघडत नाही. आत्ता भरलेलं वजन लिहून ठेव, पळी बाहेर काढून हं. खीर संपली की पातेलं घासून कोरडं करून वजन कर, वजाबाकी कर. घाई असेल तर खीर दुसऱ्या भांड्यात ओत, त्याचं रिकामं वजन आधी घेऊन.
गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नकोस, माझा एक काटा असाच गेलाय, वरचं प्लास्टिक वाकलं आणि मग कायम ४० ग्रॅम जास्त दाखवायला लागला. पोळपाट ठेवायचा, शून्य करायचं, मग पातेलं. आणि घरगुती काटे बरेचसे पाच किलोपर्यंतच असतात, सणावाराच्या मोठ्या पातेल्याला नाही चालत. तेव्हा वाटी वाटीने मोजावं लागतं.

खरवडप्रेमी
"कडेला चिकटलेली साय आपण खात नाही" हे कोणी लिहिलंय वर? कोणत्या घरात राहता तुम्ही? आमच्याकडे खीर उरते पण खरवड उरत नाही, त्यावरून भांडणं होतात.

पाकसिद्ध
@खरवडप्रेमी :D बरं मग तुमच्या घरी वजावट शून्य. पण माझा मुद्दा तो नाहीच. जो खरवडून खातो त्याच्या खात्यात त्या कॅलरी जातात, बाकीच्यांच्या नाही. एकूणातून कमी झाल्याच की.

दुधाचा_हिशोब
हे मान्य. किती ते बघायचं असेल तर खीर काढून घेतल्यावर न घासता पातेल्याचं वजन करा. एक लिटरच्या खिरीला पंचवीस तीस ग्रॅम चिकटून राहू शकतं. ते सुकलेलं असल्यामुळे वजनाच्या मानाने कॅलरी जास्त, पण तरी शंभरच्या आतबाहेरच. १७५५ मध्ये पाच सहा टक्के. वीस नाही. खाली लागली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती खीर कोणी मोजत बसत नाही.

वाटीभर
खीर दुसऱ्या पातेल्यात काढली. भरलेलं १४९०, ते पातेलं रिकामं ६४०. म्हणजे खीर ८५० ग्रॅम!

दुधाचा_हिशोब
छान. आत गेलेलं वजन बघा: १ लिटर दूध म्हणजे १०३० ग्रॅम, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड. त्यात तांदूळ, साखर, तूप, सुकामेवा मिळून २०५. झाले १२३५. उरली ८५०, म्हणजे ३८५ ग्रॅम कमी झालं, जवळपास सगळं पाणी, थोडी कडेची साय. आकडा पटण्यासारखा आहे. समजा काट्याने १३०० दाखवले असते तर समजायचं की कुठेतरी वजन चुकलंय, कारण घातलं त्याहून जास्त खीर तयार होऊ शकत नाही.
१७५५ भागिले ८५०, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २०६. वाटीत १५० ग्रॅम बसत असेल तर ३१०.
हीच खीर तुम्ही हजार ग्रॅमवर उतरवली असती तर त्याच वाटीला २६३ आणि ७०० पर्यंत आटवली असती तर ३७६. जिन्नस सगळे तेच. ॲपमधल्या दोन आकड्यांत दुपटीचा फरक का, त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

शेवयावाली
एक शंका. मी नेहमी शेवयांची करते, टोन्ड दुधाची, जेमतेम पंधरा मिनिटं गॅसवर असते. तरी ती वाटीभरच्या खिरीइतकीच दाट असते, दुसऱ्या दिवशी तर चमचा उभा राहतो. मग दाट आहे म्हणजे माझ्याही कॅलरी तेवढ्याच ना? मी आजवर दाटपणावरूनच अंदाज करत आले.

चूल_आणि_काटा
नाही गं, इथेच तर सगळे फसतात. दोन प्रकारचे दाटपणे आहेत. एक दूध आटून आलेला, दुसरा शेवयांनी किंवा तांदळाने पाणी पिऊन आणलेला. जिभेला आणि चमच्याला दोन्ही सारखेच वाटतात पण दुसऱ्या प्रकारात पाणी पातेल्यातच आहे, फक्त मोकळं राहिलेलं नाही. तुझं प्रमाण दे, करून बघू.

शेवयावाली
टोन्ड १ लिटर, शेवया ६०, साखर ८०, तूप १०, काजू बदाम मिळून २०. शेवटी १०८० ग्रॅम भरली, आजच मुद्दाम मोजली धागा वाचून.

चूल_आणि_काटा
टोन्डमध्ये फॅट ३ टक्के, १०० मिलीला ५८ धरू, लिटरला ५८०. शेवया २१०, साखर ३२०, तूप ९०, सुकामेवा ११५. बेरीज १३१५. भागिले १०८०, १०० ग्रॅमला १२२ च्या आसपास. दीडशे ग्रॅमच्या वाटीला १८३.
वाटीभरची ३१०, तुझी १८३, आणि दिसायला दोन्ही दाट.

शेवयावाली
बाप रे. म्हणजे मी उगाचच इतके दिवस अर्धी वाटी खात होते.

उतू_गेलं
आता उरलेल्या सगळ्या अर्ध्या वाट्या एकदम वसूल करू नका.

गूळपोळी
माझ्या गुळाकडे कोणी लक्षच दिलं नाही. आणि दुसरं, मागच्या वेळी गूळ घातला तर खीर फाटली, ते का?

मापात_पाप
गूळपोळी, गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच, थोड्याशा कमी. १०० ग्रॅम साखरेच्या जागी १०० ग्रॅम गूळ घालून वाटीमागे फरक पडेल तो मोजण्यासारखाही नाही. चव आवडते म्हणून घाला, तेवढं कारण पुरे. फाटली ती उकळत्या दुधात घातला म्हणून. गॅस बंद करून खीर कोमट होऊ द्यायची, मग किसलेला गूळ, आणि त्यानंतर परत उकळायची नाही.

सुकामेवा_संघटना
मला वाटतं सगळा खलनायक सुकामेवाच आहे. आमच्या डाएटवाल्या ताईंनी खिरीतून काजू बदाम बंद करायला सांगितलेत, बाकी काही बोलल्या नाहीत.

चूल_आणि_काटा
वाटीभरच्याच आकड्यांवर बघ ना. सुकामेवा सगळा मिळून २२०, म्हणजे आठवा हिस्सा. दूध एकटं निम्मं. साखर पावाच्या जरा आत. सगळा सुकामेवा काढून टाकलास तर वाटीमागे चाळीसेक कॅलरी वाचतील, आणि फुल क्रीमच्या जागी टोन्ड घेतलंस तर पन्नास. साखर १०० ची ६० केलीस तर अठ्ठावीस. तुझ्या ताईंच्या डोक्यात बहुतेक मूठ मूठ काजू घालणारी माणसं असतील, त्यांच्या बाबतीत बरोबरच आहे. एक मूठ म्हणजे सहज ३० ग्रॅम, १७० कॅलरी. वजन न करता "थोडेसे" घातलेले काजू हे कधीच थोडेसे नसतात.

खरवडप्रेमी
शिवाय सुकामेवा सारखा वाटला जात नाही. वरचे काजू पाहुण्यांना, बेदाणे तळाला बसतात ते शेवटी वाढणाऱ्याला. आमच्यात शेवटी मीच.

दुधाचा_हिशोब
खरं आहे, वजनाने भागलं तरी सुकामेव्यापुरता हिशोब वाटीवाटीला इकडेतिकडे होणारच. ज्यांना फार काटेकोर हवंय त्यांनी तो शिजवायच्या आत न घालता वाढताना वरून मोजून घालावा. पण मग तो दुधात मुरलेला लागत नाही, आणि मला स्वतःला ती खीर आवडत नाही.

गोठ्यावरून
तुमचं सगळं पिशवीच्या दुधावर चाललंय. आम्ही म्हशीचं सुटं दूध घेतो त्याचं काय करायचं? त्यावर काही छापलेलं नसतं.

दुधाचा_हिशोब
तिथे मात्र मीही फार खात्रीने बोलणार नाही. म्हशीच्या चांगल्या दुधात ७ टक्के फॅट असू शकतं, मग १०० मिलीला शंभरीजवळ जाल. तेच दूध दारात येईपर्यंत पातळ झालेलं असेल तर ७० सुद्धा असेल. लॅक्टोमीटर बुडवून कळत नाही, तो फक्त घनता सांगतो, फॅट सांगत नाही. उलट फॅट काढून घेतलेलं दूध लॅक्टोमीटरवर जास्तच चांगलं दिसतं. फॅट बघायला संकलन केंद्रावर मशीन असतं तिथे तपासून मिळालं तर उत्तम.

पाकसिद्ध
आणि साय काढलेल्या दुधाची खीर? आमच्याकडे तुपासाठी रोज साय काढतात आणि मग उरलेल्या दुधाची खीर. इथे तरी वजावट द्याल की नाही काका?

दुधाचा_हिशोब
इथे देतो, आणि भरपूर देतो. तापवून थंड केलेल्या दुधाची जाड साय काढली तर फॅटचा मोठा भाग तिच्याबरोबर गेला. नेमका किती ते साय किती जाड आली, दूध किती वेळ ठेवलं यावर. मी अशा दुधाला टोन्डचा आकडा लावीन. पण होमोजिनाइज्ड पिशवी असेल तर तिच्यावर साय फार धरतच नाही, तिथे एवढी वजावट नको.

चूल_आणि_काटा
टोन्डचा आकडा मला जरा कमीच वाटतो काका. म्हशीच्या दुधावरची साय काढली तरी खाली बरंच फॅट राहतं, ते दूध टोन्डपेक्षा दाटच लागतं. मी मधला, ७० वगैरे धरते.

दुधाचा_हिशोब
असेल. फॅट तपासल्याशिवाय तुमचा की माझा हे ठरणार नाही.

वाटीभर
मी पुन्हा माझ्या मूळ प्रश्नावर येते. ॲपमध्ये हे भरायचं कसं? त्यात "किती जणांसाठी" असं विचारतंय. सहा लिहू का? वाट्या सहा भरतील असं वाटतंय.

मापात_पाप
सहा लिहू नकोस. एकूण वजन भागिले १०० कर आणि तो आकडा घाल, तुझ्या बाबतीत ८.५. म्हणजे ॲपच्या लेखी १०० ग्रॅम म्हणजे एक माणूस. मग वाटी काट्यावर ठेवून १५० भरली तर दीड लिही, १२० भरली तर १.२. ॲप पूर्णांकच घेत असेल तर सरळ ८५० लिही आणि ग्रॅमवर मोज. वाटीवर भरवसा नको, आमच्या घरातच शंभर मिलीपासून दोनशेपर्यंतच्या वाट्या आहेत आणि सगळ्यांना "वाटी"च म्हणतात.

वाटीभर
हे भारी आहे. माझी नेहमीची वाटी मोजली, काठोकाठ १६५ ग्रॅम बसली. म्हणजे ३४०.
अजून एकच. उद्या उरलेली खीर फ्रिजमधून काढली की घट्ट होते, मी त्यात दूध घालून सैल करते. तेव्हा १०० ग्रॅमचा आकडा बदलेल ना?

चूल_आणि_काटा
बदलेल, आणि वाटीपुरता कमी होईल. समजा ४०० ग्रॅम उरली, त्यात ८२५ कॅलरी. टोन्ड १०० मिली घातलंस, ५८ वाढल्या. झाल्या ८८३, वजन ५०३. १०० ग्रॅमला १७५ पडले. फ्रिजमध्ये घट्ट झाली म्हणून मात्र काही वाढत नाही, ती तांदळाने पाणी ओढल्याची घट्ट आहे. उघडं भांडं ठेवलं असेल तर थोडं पाणी उडतं, झाकण असेल तर तेही नाही.
आणि हो, साखर घातल्यावर खीर परत पातळ होते म्हणून बायका अजून वीस मिनिटं आटवतात, तसं केलं असशील तर वजन त्यानंतर घ्यायचं, आधी घेतलेलं उपयोगाचं नाही.

वाटीभर
शेवटीच घेतलंय. घरात वाचून दाखवलं सगळं. नवऱ्याचं म्हणणं की तो "निम्मं" गमतीने म्हणाला होता. जाऊबाई म्हणतात माझंच बरोबर निघालं, वाटीपुरतं.

उतू_गेलं
बासुंदीचा धागा कोण काढतंय? मी हिशोब वाचणार नाही, फक्त प्रमाण बघणार.

गूळपोळी
कोमट म्हणजे नक्की किती कोमट ते कोणी सांगेल का, उद्या परत करून बघणार आहे.

मापात_पाप
बोट बुडवून सहज ठेवता आलं पाहिजे इतपत. आणि गूळ आंबट वास येणारा असेल तर तेवढंही पुरत नाही, मग पूर्ण गारच होऊ दे.